उटण्याचा ब्रँड कुणाच्या नावावर?

सांगलीतल्या दोघी जावांचं एक उदाहरण धरू. हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील कुठल्या ना कुठल्या घरात रोज घडतो. थोरलीला उटणं आणि केसांचं तेल करण्याचा हात आहे. हळद दारातच पिकते. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद कुठून आणायची आणि किती वेळ दळायची हे तिला पक्कं माहीत आहे. धाकटी फोटो काढते, ऑर्डरी घेते, पार्सलं पाठवते आणि हिशेब ठेवते. पहिल्या दिवाळीला माल ओळखीच्या घरांत गेला. चौथ्या दिवाळीपर्यंत वर्षाची उलाढाल ऐंशी लाखांवर गेली आणि दोघींच्या हातात सगळा खर्च जाऊन वीस लाख उरू लागले. पुण्यातल्या एका दुकानसाखळीने माल मागितला आहे, आणि कुणीतरी सांगितलं आहे की आता प्रायव्हेट लिमिटेड करून टाका.

असा सल्ला देणारे बहुतेक वेळा कराकडे बोट दाखवतात. म्हणून आधी करच बघू, म्हणजे तो बाजूला ठेवता येईल.

आजचा सगळा व्यवहार थोरलीच्या नावावर आहे. तिचं पॅन कार्ड हेच धंद्याचं पॅन कार्ड. यालाच प्रोप्रायटरशिप किंवा एकल मालकी म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने इथे ‘धंदा’ नावाची वेगळी वस्तूच नसते, एक बाई असते आणि ती करत असलेलं काम असतं. वीस लाखांचा नफा पूर्ण तिच्या नावावर दाखवला, तर २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी उपकरासह दोन लाख आठ हजार रुपये कर बसतो. त्याऐवजी तिने धाकटीला कामाचा रीतसर दहा लाख पगार दिला, तर थोरलीचं उत्पन्न दहा लाख आणि धाकटीचंही दहा लाख. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्यामुळे, दुसरं उत्पन्न नसेल तर दोघींचाही कर शून्य.

भागीदारी केली तर? फर्मला उत्पन्नाच्या पहिल्या रुपयापासून तीस टक्के आणि उपकर लागतो. काम करणाऱ्या भागीदारांना पगार देता येतो, पण त्याला सूत्राची मर्यादा आहे: पहिल्या सहा लाखांच्या नफ्यावर नव्वद टक्के आणि उरलेल्यावर साठ टक्के. वीस लाखांवर तो पगार तेरा लाख ऐंशी हजार होतो. उरलेल्या सहा लाख वीस हजारांवर फर्म साधारण एक लाख त्र्याण्णव हजार कर भरते. हा पगार पार्टनरशिप डीडमध्ये लिहिलेला असला तरच मान्य होतो. डीडमध्ये ते कलम राहून गेलं, तर पूर्ण वीस लाखांवर सहा लाख चोवीस हजार भरावे लागतात. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा छापील नमुना वापरल्याची ही किंमत, एका वर्षाची.

कंपनी केली तर कर साधारण सव्वापंचवीस टक्के, आणि संचालकांच्या पगाराला भागीदारीसारखं सूत्र नाही. पगार कामाला साजेसा दिसला पाहिजे, एवढंच. दोघींनी आठ-आठ लाख पगार घेतला आणि चार लाख पुढच्या दिवाळीच्या मालासाठी कंपनीत ठेवले, तर त्या चार लाखांवर एक लाखाच्या आसपास कर लागतो.

म्हणजे या आकाराच्या धंद्यात कराच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त रस्ता कोणता? थोरली मालकीण आणि धाकटी पगारदार. आणि नेमका इथेच हा प्रश्न कराचा राहत नाही. कारण चार वर्षं निम्मं काम करूनही ज्या नावावर लोक उटणं मागतात, त्या नावात धाकटीचा एक पैशाचाही वाटा उरत नाही. कागदावर ती नोकर होते. ही गोष्ट मला करापेक्षा फार मोठी वाटते, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात ती इतर धंद्यांहून जास्त बोचते. इथे यंत्रं थोडी, जागा छोटी, कच्चा माल बाजारात कुणालाही मिळणारा. विकलं जातं ते नाव. तेव्हा धंद्याची रचना ठरवताना पहिला प्रश्न असा की नाव कुणाचं. दुसरा, एखाद्या गिऱ्हाइकाचा चेहरा भाजला तर भरपाई कुणाच्या घरातून जाणार. कर हा तिसरा प्रश्न.

नावापासून सुरुवात करू. ट्रेडमार्कच्या नोंदणीत सौंदर्यप्रसाधनं वर्ग ३ मध्ये येतात. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला दर वर्गामागे साडेचार हजार, इतरांना नऊ हजार. अर्जात अर्जदार म्हणून ज्याचं नाव लिहिलं, तो मालक. घराघरांत दिसतं ते असं: अर्ज करताना जो मोकळा होता, ज्याचं आधार मोबाइलला जोडलेलं होतं, त्याच्या नावावर अर्ज गेला. कधी नवऱ्याच्या, कधी दिराच्या, कधी लोगो करून देणाऱ्या मुलाच्याही. पुढे भागीदारी होते, कंपनी होते, पण नाव त्या माणसाकडेच राहतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. बँक कर्ज देताना किंवा कुणी पैसे गुंतवायला येतं तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे उघडं पडतं.

मग घाईत दुसरी चूक होते. कंपनीच्या नावाने नवा अर्ज टाकला जातो आणि त्यात ‘वापर सुरू २०२१’ असं लिहिलं जातं. कंपनी जन्मली २०२५ साली. २०२१ मध्ये ती नाव कसं वापरणार? ट्रेडमार्कच्या कायद्यात आधीपासून वापरणाऱ्याला मोठं वजन आहे. तेच नाव २०२३ पासून वापरणारा कुणी दुसऱ्या जिल्ह्यात निघाला, तर अशा अर्जाने आपणच आपली चार वर्षं फेकून दिलेली असतात. योग्य रस्ता म्हणजे जुन्या मालकाकडून कंपनीला नाव लेखी सोपवून घेणं. त्या करारात धंद्याच्या नावलौकिकासह म्हणजे गुडविलसह नाव दिलं आहे, असं स्पष्ट लिहायचं, करारावर मुद्रांक भरायचा आणि ट्रेडमार्क कार्यालयात त्या बदलाची नोंद करून घ्यायची. मग २०२१ पासूनचा वापर कंपनीच्या पाठीशी उभा राहतो.

आता चेहरा भाजण्याचा प्रश्न. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर १९४० च्या औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली लायसन्स लागतं. सध्याचे नियम २०२० सालचे आहेत आणि महाराष्ट्रात हे लायसन्स अन्न व औषध प्रशासन देतं. घरच्या ओट्यावर केलं, नैसर्गिक आहे, आजीची कृती आहे, यांतलं कोणतंही कारण सूट देत नाही. अंगाला चोळून त्वचा स्वच्छ किंवा सुंदर करण्यासाठी विकली जाणारी वस्तू या व्याख्येत येते, आणि उटणं तर अगदी तेच काम करतं. स्वतःची जागा, यंत्रं आणि तांत्रिक माणूस नसेल तर दोन वाटा असतात. एकीत लायसन्स असलेल्या कारखान्याच्या जागेत आपण स्वतःच्या लोन लायसन्सवर माल करून घेतो. दुसरीत कारखाना स्वतःच्या लायसन्सवर माल करतो आणि डब्यावर आपला ब्रँड लागतो, ज्याला बाजारात थर्ड पार्टी म्हणतात.

थर्ड पार्टीत अनेकांना वाटतं की जबाबदारी कारखान्याची झाली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तसं म्हणत नाही. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःची खूण लावतो, तोही त्या कायद्यात उत्पादकच. तेव्हा तेलातल्या सुगंधाने कुणाच्या टाळूला फोड आले आणि भरपाई मागितली गेली, तर दावा ब्रँडवर येऊ शकतो. एकल मालकीत हा दावा थोरलीच्या बचतीपर्यंत, दागिन्यांपर्यंत, तिच्या नावावरच्या फ्लॅटपर्यंत पोहोचतो. भागीदारीत तो दोघींच्याही मालमत्तेपर्यंत पोहोचतो, आणि वसूल करणारा दोघींपैकी जिच्याकडे आहे तिच्याकडून पूर्ण रक्कम घेऊ शकतो. मग तिने दुसरीकडे मागत बसायचं.

कंपनी किंवा एलएलपी केली तर ही भरपाई साधारणपणे संस्थेच्या पैशापुरती राहते. मर्यादित जबाबदारी म्हणतात ती हीच, आणि ती खरी आहे. पण तिच्या कडा कुठे संपतात हे कुणी नीट सांगत नाही.

पहिली कड फौजदारी आहे. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या कलम ३४ नुसार कंपनीकडून गुन्हा झाला, तर त्या वेळी धंद्याचा कारभार ज्याच्या हाती होता तो माणूसही दोषी धरला जातो. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. या कलमापुरता ‘कंपनी’ या शब्दात भागीदारी फर्मही येते आणि संचालकाच्या जागी भागीदार येतो. म्हणजे लायसन्सशिवाय माल केला किंवा भेसळीचा रंग वापरला गेला, तर प्रायव्हेट लिमिटेडची पाटी कुणालाही वाचवत नाही. थोरलीला इथे वाचवतील ती तिची कागदपत्रं: प्रत्येक घाण्याचा बॅच नंबर, कच्च्या मालाची बिलं, प्रयोगशाळेचे तपासणी अहवाल आणि प्रत्येक बॅचचा जपून ठेवलेला नमुना.

दुसरी कड बँकेची. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागतेच. त्या सहीबरोबर त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी संपली. मग कंपनी वाचवते कुणापासून? बाटल्यांच्या पुरवठादाराची उधारी, जाहिरात एजन्सीचं बिल, गोदामाचं भाडं, दुकानसाखळीने परत पाठवलेल्या मालाचा तगादा, आणि गिऱ्हाइकाची भरपाई. वाढत्या ब्रँडला बुडवणारी देणी बहुतेक याच यादीतली असतात, म्हणून हे संरक्षण लहान नाही. जोडीला उत्पादन-जबाबदारीचा विमा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाटी कोणतीही असो.

आता भागीदारीकडे वळू, कारण जावांच्या बाबतीत ती न सांगता झालेलीही असू शकते. १९३२ च्या भागीदारी कायद्याला लेखी करार लागत नाही. दोघींनी मिळून धंदा केला, एकमेकींच्या वतीने व्यवहार केले आणि नफा वाटून घेतला, तर उद्या वाद झाल्यावर धाकटी म्हणू शकते की आपण भागीदार होतो. तिने ते शाबीत केलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कायदा नफा-तोटा समसमान धरतो. थोरलीने घातलेलं भांडवल दुप्पट असलं तरीही. दुसरीकडे अशी नोंदणी नसलेली फर्म बाहेरच्या माणसावर कराराचा दावा लावू शकत नाही. बाटलीवाल्याने आगाऊ पैसे घेऊन माल दिला नाही, तर कलम ६९ दारातच अडवतं. नोंदणी फर्म निबंधकाकडे होते. ती सक्तीची नाही, आणि म्हणूनच राहून जाते.

भागीदारीचा खरा धोका मात्र यापेक्षा खोल आहे. प्रत्येक भागीदार धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात दुसऱ्याला बांधून टाकतो. धाकटीने उत्साहात सहा लाखांचं जाहिरातीचं कंत्राट सही केलं, तर थोरलीने ते पाहिलेलं नसलं तरी देणं तिचंही आहे. आणि दोघींचीच फर्म असेल तर एकीच्या मृत्यूबरोबर फर्म संपते. ‘वारस भागीदार होईल’ असं डीडमध्ये लिहून ठेवलं तरी उपयोग होत नाही, कारण एका माणसाची भागीदारी असू शकत नाही. जिवंत राहिलेलीला वारसांबरोबर हिशेब करावा लागतो, ऐन शोकात आणि कदाचित ऐन हंगामात. त्वचेवर लावण्याची वस्तू विकणाऱ्यांनी साधी भागीदारी करू नये, असं मला वाटतं. हिशेब ठेवायला ती सोपी आहे, एवढाच तिचा गुण.

दोघींना समान मालकी हवी, नफा घरी न्यायचा आहे आणि बाहेरचा पैसा नको आहे, तर २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी जास्त बरी. तिची जबाबदारी मर्यादित, ती स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती, आणि एक भागीदार गेली तरी दुसरा भागीदार घ्यायला सहा महिन्यांची सवड मिळते. कर भागीदारीसारखाच, म्हणजे पगाराचं कलम इथेही करारात हवं. दर वर्षी दोन विवरणपत्रं भरायची आणि उलाढाल चाळीस लाखांवर गेली की ऑडिट करायचं. एकट्या बाईला मर्यादित जबाबदारी हवी असेल तर एक व्यक्ती कंपनी काढता येते. तिला एक नॉमिनी द्यावा लागतो, आणि दुसरा मालक घ्यायची वेळ आली की ती साध्या प्रायव्हेट कंपनीत बदलावी लागते.

मग प्रायव्हेट लिमिटेड कशासाठी? माझ्या मते एकाच गोष्टीसाठी: मालकीचे तुकडे करता येतात. शेअर म्हणजे धंद्याचा मोजता येणारा, सोपवता येणारा तुकडा. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारातलं अलीकडचं मोठं उदाहरण पाहू. जयपूरचा ‘मिनिमलिस्ट’ हा ब्रँड. त्यामागच्या कंपनीचं नाव अपरायझिंग सायन्स, जे बहुतेक गिऱ्हाइकांनी ऐकलेलंही नसेल. जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने त्या कंपनीचे साडेनव्वद टक्के शेअर घेण्याचं जाहीर केलं, कंपनीचं मूल्य २,९५५ कोटी रुपये धरून. उरलेले साडेनऊ टक्के दोन वर्षांनी घ्यायचे ठरले. लायसन्स, ट्रेडमार्क, कारखान्यांशी असलेले करार, गोदामातला माल या सगळ्याला हात न लावता कंपनीचा मालक बदलतो, कारण विकले जातात ते फक्त शेअर. हेच एकल मालकीत करायचं तर एकेक वस्तू मोजून, एकेक कागद बदलून द्यावी लागते, आणि साडेनऊ टक्के मागे ठेवणं हा प्रकारच तिथे नाही.

आपल्या जावांना युनिलिव्हर नको आहे. पण पुण्याची कुणी नातेवाईक पंधरा लाख घालते म्हणाली, किंवा चांगल्या रसायनतज्ज्ञाला पगार परवडत नाही म्हणून थोडा वाटा द्यायचा झाला, तर तेच यंत्र लागतं. आणि दोघींमधल्या वाट्यासाठीही. साठ-चाळीस की पन्नास-पन्नास, हे शेअरच्या संख्येत एकदा लिहिलं की उद्या कुणाच्या सासऱ्याने जेवताना काही ठरवलं म्हणून ते बदलत नाही.

किंमत मोजावी लागते. एक रुपयाची विक्री नसली तरी कंपनीचं ऑडिट सक्तीचं. ताळेबंद आणि वार्षिक विवरण ही दोन विवरणपत्रं उशिरा भरली तर प्रत्येकाला दिवसाला शंभर रुपये. वर्षभर विसरलात तर दोहोंचे मिळून त्र्याहत्तर हजार, आणि धंदा बंद असतानाही हे मीटर चालू राहतं. याहून अवघड जाते ती सवय. एकल मालकीत थोरली धंद्याच्या खात्यातून मुलाची फी भरत होती, त्यात काहीच गैर नव्हतं, कारण ते तिचेच पैसे. कंपनीचे पैसे तिचे नसतात. पगार, भाडं, लाभांश अशा नावाशिवाय ते उचलले तर आयकर खातं ते लाभांश समजून कर लावू शकतं. ज्या घरात धंद्याचा आणि किराण्याचा मोबाइल क्यूआर एकच आहे, त्या घराने कंपनी काढण्याआधी एक वर्ष वेगळं खातं वापरून बघावं. ते जमलं नाही तर कंपनीही जमणार नाही.

रचना बदलण्याचं काम सीएच्या कार्यालयात वाटतं तितकं कागदी नसतं. नवी संस्था म्हणजे नवं पॅन, त्यामुळे नवा जीएसटी क्रमांक, नवी उद्यम नोंदणी, नवं बँक खातं आणि विक्रीच्या ॲपवर नवं विक्रेता खातं. जुन्या खात्यावरचं शिल्लक जीएसटी क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या क्रमांकावर नेता येतं, त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. हे विसरून जुना क्रमांक आधी रद्द केला की ते पैसे अडकतात. अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स आपोआप नव्या नावावर जात नाही. संस्था बदलली की प्रशासनाला कळवून नव्या नावाने लायसन्स घ्यावं लागतं, थर्ड पार्टी असेल तर कारखान्याशी नवा करार करावा लागतो. आणि सगळ्यात जास्त पैसा जातो तिथे कुणाचं लक्षच नसतं: छापील डबे. डब्यावर उत्पादकाचं किंवा विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि लायसन्स क्रमांक असतो. स्वस्त पडतात म्हणून दहा हजार ट्यूब आणि खोकी छापून घेतली आणि दोन महिन्यांनी संस्था बदलली, की उरलेला ढीग वाया. म्हणून बदल ठरला की आधी छपाई थांबवायची.

उटणं विकणाऱ्यांनी हा बदल भाद्रपद-आश्विनात करूच नये. दिवाळीचा माल बाजारात असताना विक्रेता खातं बंद पडलं तर वर्षाची कमाई जाते. दिवाळी आटोपली, परत आलेला माल मोजून झाला, की डिसेंबर-जानेवारीत नावाचा आणि वाट्याचा निर्णय घ्यावा. फेब्रुवारीत कंपनी नोंदवून लायसन्स आणि जीएसटीचे अर्ज टाकावेत आणि १ एप्रिलला नव्या वह्या उघडाव्यात. उन्हाळ्यात विक्री मंद असते, तेवढ्या काळात चुका निस्तरता येतात.

एक अट मात्र आधीपासून ध्यानात ठेवावी लागते. एकल मालकी कंपनीत बदलताना भांडवली नफ्यावरचा कर टाळायचा असेल, तर धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीला गेली पाहिजेत, मोबदला फक्त शेअरच्या रूपात मिळाला पाहिजे, आणि जुन्या मालकिणीकडे पाच वर्षं किमान पन्नास टक्के मताधिकार राहिला पाहिजे. ट्रेडमार्क घरात ठेवून बाकीचा धंदा दिला, तर ‘सगळी मालमत्ता’ ही अट मोडते. आणि थोरलीने दोन वर्षांत साठ टक्के शेअर दुसऱ्यांना दिले तर सवलत परत घेतली जाते. म्हणजे गुंतवणूकदार समोर बसल्यावर कंपनी काढण्यापेक्षा आधीच काढणं सोपं. तेव्हा नावाची किंमतही कमी असते आणि कुणाला किती द्यायचं हे दोघींनाच ठरवता येतं.

आता आपल्या जावांना मी काय सांगेन? ऐंशी लाख उलाढाल, वीस लाख नफा, दोघी राबणाऱ्या, माल त्वचेवर लागणारा, दुकानसाखळीची ऑर्डर दारात. साखळीला माल द्यायचा म्हणजे उधारीवर द्यायचा आणि न विकलेला परत घ्यायचा. तेवढा माल भरायला बाटलीवाल्याची आणि कारखान्याची उधारी लागणार. ही देणी थोरलीच्या घरावर ठेवण्यासारखी नाहीत. तेव्हा ही ऑर्डर स्वीकारायची असेल तर प्रायव्हेट लिमिटेड, दोघी संचालक, आणि थोरलीकडे पन्नास टक्क्यांहून थोडे अधिक शेअर म्हणजे कराची अट पाळली जाईल. साखळीचा करार नव्या कंपनीच्या नावानेच करायचा, जुन्या नावाने सही करून मग बदलायचा नाही. साखळी नाकारून थेट गिऱ्हाइकांनाच विकायचं ठरवलं, आगाऊ पैसे घेऊनच माल पाठवायचा ठरवला, तर एलएलपी पुरेशी आहे आणि तिचा सांभाळ कमी. आणि धाकटीला मालकीत यायचंच नसेल, तिने तसं मनापासून सांगितलं असेल, तर एकल मालकी आणि चांगला पगार हाही प्रामाणिक मार्ग आहे. तो पगार दर महिन्याला तिच्या खात्यावर जायला हवा, वह्यांत दाखवण्यापुरता नको.

कंपनी झाली तर दोघींनी आपसात आणखी एक करार करावा. एकीला बाहेर पडायचं असेल तर तिचे शेअर कुणी, कोणत्या हिशेबाने विकत घ्यायचे, किंमत ठरवायला कोणता सीए बोलवायचा, बाहेर पडलेलीने किती काळ त्याच नावासारखं नाव वापरायचं नाही, आणि थोरलीच्या कृतींची वही कंपनीची की तिची. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक घरांत पहिल्यांदाच बोलणं होतं. बोलायला अवघड जातं, कारण कृती आजेसासूकडून आलेली असते आणि प्रमाण थोरलीने बसवलेलं असतं. तरी ते आताच लिहावं. माझ्या मते वही कंपनीची असावी आणि त्याबद्दल थोरलीला शेअरमध्ये जास्त वाटा मिळावा; तिच्याकडे निम्म्याहून अधिक शेअर असण्याचं ते एक न्याय्य कारणही होतं.